मधुमेहींचा डबा: वजनकाटा, घड्याळ आणि भाकरीचं पीठ

प्रश्न: "नाशिकला गंगापूर रोडवर दोन वर्षं घरगुती डबे देते, रोजचे साठेक. गिऱ्हाइकांतले बरेच काका-काकू 'शुगरवाल्यांसाठी वेगळं काही देता का' असं विचारतात. फक्त मधुमेहींसाठी वेगळं क्लाउड किचन काढायचं डोक्यात आहे. मेनू कसा ठरवू, अ‍ॅपवर जाऊ का, आणि यात पैसे सुटतात का?"

पैसे सुटतात, पण साध्या डब्याच्या हिशेबाने नाही. पुण्यात कर्वेनगरच्या एका गल्लीत आठ वर्षं मी हेच किचन चालवते आहे, आणि त्यातली पहिली दोन वर्षं चुकीची वस्तू विकत होते. मला वाटायचं की मी बिनसाखरेचं, ज्वारी-बाजरीचं, 'हेल्दी' जेवण विकते. गिऱ्हाइकाला खरं हवं होतं वेगळंच. रोज तेवढीच कर्बोदकं, आणि तीही रोज त्याच वेळेला. गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस डॉक्टरांनी एका ठरावीक खाण्यावर बेतलेला असतो. खाणं रोज बदलतं राहिलं तर डोस कितीही चांगला असला तरी साखर वर-खाली होत राहते. घरी ही मोजदाद होत नाही आणि साध्या डब्यात तर होऊच शकत नाही. तुमचा धंदा त्या मोजदादीचा आहे. पदार्थ हा त्यानंतरचा विषय.

साध्या डब्यात ती का होत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. चार पोळ्या, भात, आमटी आणि एक वाटी भाजी. पोट भरायचं काम पोळी आणि भात करतात, कारण पोट भरायचं सगळ्यात स्वस्त साधन तेच आहे. मधुमेहीच्या डब्यात म्हणून आपण भात काढून टाकला आणि दोन पोळ्या कमी केल्या, तर माणूस उपाशी राहतो आणि चार वाजता चहाबरोबर अर्धा पुडा बिस्किटं संपवतो. मग त्याची संध्याकाळची साखर चढते आणि दोष तुमच्या डब्यावर येतो. काढलेल्या पोळीची जागा भाजी, उसळ, दही, अंडं, पनीर यांनी भरावी लागते, आणि यातली प्रत्येक गोष्ट पोळीपेक्षा महाग आहे. मेथीची जुडी निवडली की निम्मी काडी टोपलीत जाते, पावसाळ्यात पालेभाजीचा भाव विचारायची सोय नसते. तुमचा साधा डबा आणि हा डबा यांच्या किमतीतला फरक तिथून येतो. ज्वारीच्या पिठातून नाही.

ज्वारीचा विषय निघालाच आहे तर आधी तोच मोडून काढते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले, ते माझ्या किचनच्या भिंतीवर आहेत. त्यात 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 68 ग्रॅम कर्बोदकं आहेत, गव्हाच्या कणकेत 64, बाजरीत 62 आणि पांढऱ्या तांदळात 78. म्हणजे ज्वारीत कणकेपेक्षा कर्बोदकं कमी नाहीत, उलट थोडी जास्तच. तंतू दोन्हींत जवळपास सारखे. ज्वारीची भाकरी मी ठेवते, कारण लोकांना ती आवडते आणि एका भाकरीवर थांबणं चार फुलक्यांवर थांबण्यापेक्षा सोपं जातं. पण 'भाकरी आहे ना, मग चालतं' असं समजून दोन दणदणीत भाकऱ्या खाणाऱ्याची साखर पोळी खाणाऱ्याइतकीच चढते. धान्य बदलल्याने तुमचं काम होत नाही, माप बांधल्याने होतं.

आता एक ताट मांडून दाखवते. माझं दुपारचं ठरलेलं ताट साधारण 55 ग्रॅम कर्बोदकांचं असतं. बहुतेक आहारतज्ज्ञ मोठ्या माणसाला एका जेवणात 45 ते 60 च्या आसपास धरतात, त्यामुळे हे बऱ्याच जणांना बसतं. 45 ग्रॅम पिठाची एक भाकरी, तिचे 30 ग्रॅम. 25 ग्रॅम कोरड्या मटकीची, म्हणजे मोड आल्यावर मोठी वाटीभर होणारी उसळ, तिचे 13. दुधी, दोडका, घेवडा, कोबी, मेथी यांतली कुठलीही भाजी शिजून 150 ग्रॅम, तिचे 6 ते 7. काकडीची दह्यातली कोशिंबीर, साखर न घालता, तिचे 3, आणि पातळ ताकाचे 3. बेरीज 55-56. शिवाय ज्याला हवं त्याला एक उकडलेलं अंडं किंवा 40 ग्रॅम पनीर, त्याने कर्बोदकं फारशी वाढत नाहीत आणि चारचा चहा नुसता चहा राहतो.

यात हलणारा आकडा कुठला ते पाहा. 55 मधले 30 एकट्या भाकरीत आहेत. भाजीचं माप वीस-तीस ग्रॅमने चुकलं तरी एखाद-दुसऱ्या ग्रॅमचा फरक पडतो. भाकरी चुकली तर दहा-बारा ग्रॅमचा. म्हणून माझं निम्मं लक्ष भाकरीवर असतं. भाजीत फक्त बटाट्यावर नजर ठेवा. 100 ग्रॅम बटाट्यात 15 ग्रॅम कर्बोदकं असतात, आणि भाजी कमी पडतेय असं दिसलं की स्वयंपाकघरात सगळ्यात आधी हात बटाट्याकडेच जातो.

भाकरीचं माप बांधणं सांगायला सोपं आहे. 40 ग्रॅम पीठ उकळत्या पाण्यात मळायचं, थापताना लागणारं कोरडं पीठ 5 ग्रॅम धरायचं. पाणी पिठाच्या जवळपास बरोबरीने लागतं, म्हणून माझा गोळा 80 ग्रॅमच्या आसपास येतो. पीठ नवं-जुनं, जाड-बारीक असेल तसं पाणी बदलतं, तेव्हा माझा आकडा उचलू नका, गिरणी बदलली की तुमचा काढा. परातीशेजारी काटा ठेवायचा, प्रत्येक गोळा काट्यावर जाऊनच थापायला घ्यायचा. वरून लावायचं पीठही मोजून वेगळ्या ताटलीत काढायचं, नाहीतर थापणारा हात सैल असेल तर त्या 5 चे 12 होतात आणि कुणाला पत्ता लागत नाही.

पत्ता लागत नाही, हाच खरा प्रश्न. चौथ्या वर्षी एकाच आठवड्यात माझ्या तीन गिऱ्हाइकांचे जेवणानंतरच्या दोन तासांचे आकडे चढले. एरवी जेवणाआधी 125-130 असणारी माणसं दोन तासांनी 170 च्या घरात असायची, ती 205-210 ला गेली. एकाचाच आकडा चढला असता तर मी लक्ष दिलं नसतं. घरच्या ग्लुकोमीटरला 15 टक्क्यांपर्यंतची चूक माफ आहे, शिवाय त्या माणसाने आदल्या रात्री काय खाल्लं, झोप झाली का, सर्दी-ताप आहे का, हजार कारणं असतात. पण तीन वेगळ्या घरांतले तीन आकडे एकाच आठवड्यात एकाच दिशेला गेले, तर खोट किचनमध्ये आहे असं धरून शोधायला लागायचं.

मी आधी भाजी तपासली, मग उसळ, मग उसळीत गूळ पडतोय का ते पाहिलं. शेवटी संध्याकाळी पिठाचा डबा काट्यावर ठेवला. पन्नास भाकऱ्यांना सव्वादोन किलो पीठ जायला हवं होतं. गेलं होतं तीन किलो शंभर ग्रॅम. म्हणजे भाकरीमागे 62 ग्रॅम, प्रत्येक ताटात बारा ग्रॅम कर्बोदकं जास्त. आठवड्यापूर्वी नवीन मावशी कामाला लागल्या होत्या, हाताला उत्तम चव, भाकरी अशी पांढरीशुभ्र की पाहत राहावं. काटा त्या वापरत होत्या. गोळा मापला की वर एक चिमटा पीठ चढवत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "ताई, एवढीशी भाकरी माणसाच्या पानात वाढायची म्हणजे लाज वाटते हो. म्हातारी माणसं आहेत, उपाशी राहतील."

यावर ओरडून उपयोग नसतो, कारण त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर आहे. मी दोन गोष्टी केल्या. भाकरी तितक्याच पिठाची पण पातळ थापायला सांगितली, म्हणजे डबा उघडल्यावर ती भरलेली दिसते. आणि भाजीचा कप्पा मोठा असलेला डबा आणला, म्हणजे मावशींचा वाढायचा हात भाजीवर सैल सुटला तरी चालेल. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पिठाचा डबा वजन करून वहीत मांडला जातो. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक मी सोडते, त्यापुढे गेला तर दुसऱ्या दिवशी परातीशेजारी मी स्वतः उभी राहते. सगळ्या नोंदींतली एकच ठेवायची असेल तर ही ठेवा.

उसळीतल्या गुळाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. लोक त्यावर फार भांडतात. पन्नास माणसांच्या उसळीत दीडशे ग्रॅम गूळ पडला तर माणशी तीन ग्रॅम. त्याने काही आभाळ कोसळत नाही. तरी मी गूळ घालत नाही, कारण 'चवीपुरता' याला माप नसतं आणि गिऱ्हाइकाला एकदा गोड चव लागली की त्याचा तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. चिंचेऐवजी आमसूल वापरलं की गुळाची गरजही कमी भासते.

आता घड्याळाचं. सगळ्यात मोठी चूक मी इथे केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याचं जेवण तासभर उशिरा झालं तर तो चिडतो, एवढंच. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा जेवणाआधीचं इन्सुलिन घेणाऱ्याचं तसं नाही. औषध कामाला लागलेलं असतं आणि पोटात काही नसतं. साखर 70 च्या खाली जाते, घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणं सुधरत नाही.

तेव्हा आमचा फोनवर संदेश जायचा, 'आपला डबा निघाला आहे'. ताजा डबा मिळतोय याचं लोकांना कौतुक. एका दुपारी पावसात पोरगा अडकला, पाऊण वाजताचा डबा दोन वाजता पोहोचला. एका काकांनी संदेश वाचून इन्सुलिन टोचून घेतलं होतं. काकू घरी होत्या, त्यांनी लक्षणं ओळखली, लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं. निभावलं. पण त्या घरात काकू नसत्या तर काय झालं असतं, हा विचार मला पुढे कित्येक दिवस झोपू देत नव्हता. डॉक्टरांचा दोष नाही, काकांचाही नाही, तो संदेश आमचा होता.

त्या दिवसापासून निघाल्याचा संदेश बंद. डब्याच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, 'जेवण समोर आल्याशिवाय जेवणाआधीचं इन्सुलिन घेऊ नका', आणि पहिल्या दिवशी फोनवर तेच तोंडी सांगितलं जातं. डोस आणि त्याची वेळ डॉक्टरच ठरवतात, त्यात आपण बोलायचं नाही. आपण फक्त आपल्या बाजूची अडचण सांगायची. प्रत्येकाकडून मी एक अर्धा तास लिहून घेते, जसं 12:30 ते 1. पोहोचवणाऱ्या एका माणसाकडे चौदापेक्षा जास्त घरं देत नाही आणि इन्सुलिनवाली घरं त्याच्या रस्त्यावर आधी येतील अशी लावते. पंधरा मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं की संदेश नाही, फोन. गिऱ्हाइकाने फोन उचलून 'हो, कळलं' म्हणेपर्यंत तो फोन संपत नाही.

अ‍ॅपचं उत्तर यातच आलं. अ‍ॅपवरचा पोरगा कोण येणार हे तुमच्या हातात नसतं, आणि येणारं गिऱ्हाईक एक दिवस येतं, चार दिवस गायब होतं. त्याची मोजदाद तुम्ही करू शकत नाही, मग तुमचा डबा 'हेल्दी बाउल' विकणाऱ्या इतर पन्नास जणांच्या रांगेत जाऊन बसतो. शिवाय पैशाचं गणितही बघा. आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला.

डबा 190 रुपयांचा. त्यात सामान आणि गॅस 68, डबा-पिशवी 12, स्वतःच्या माणसाने पोहोचवायचे 28. डब्यामागे उरले 82. आता महिन्याचा बांधील खर्च: जागा 20,000, भाकरी आणि भाजीच्या दोघी मिळून 32,000, वरकामाला एकजण 12,000, अर्धवेळ आहारतज्ज्ञ 12,000, वीज-पाणी 6,000, किरकोळ 5,000. एकूण 87,000. त्याला 82 ने भागलं तर महिन्याला 1,061 डबे, म्हणजे 26 दिवस धरले तर रोजचे 41. एक्केचाळिसावा डबा गेला की बरोबरी. पन्नास गेले तर महिन्याला साडेएकोणीस हजार उरतात, आणि यात तुमचा स्वतःचा पगार धरलेला नाही हे विसरू नका.

तोच डबा अ‍ॅपवरून गेला आणि कमिशन 25 टक्के धरलं, तर कमिशनवरच्या 18 टक्के जीएसटीसकट 56 रुपये जातात. पोहोचवायचे 28 वाचले असं धरलं तरी डब्यामागे 54 उरतात आणि बरोबरी एकदम रोजच्या 62 डब्यांवर जाते. त्यात सवलतीची कुपनं अजून धरलेली नाहीत. मी अ‍ॅपवर एक वर्ष होते, तिथून मिळालेली कायमची गिऱ्हाइकं बोटांवर मोजण्याइतकी.

त्याऐवजी डब्यांचं पुस्तक विका. माझं 24 डब्यांचं पुस्तक 35 दिवस चालतं. महिन्याभराचे पैसे घेऊन 26 डबे ठरवले तर भांडणं होतात, कारण तुमचं गिऱ्हाईक महिन्यातून दोन एकादश्या आणि एक संकष्टी उपास करणार, एखाद्या रविवारी लेकीकडे जाणार. हिशेब करताना सुद्धा पन्नास गिऱ्हाइकं म्हणजे रोजचे पन्नास डबे असं धरू नका, त्रेचाळीस-चव्वेचाळीस धरा.

उपासाचा दिवस हा या धंद्यात वेगळाच कसोटीचा. कोरड्या साबुदाण्यात 100 ग्रॅमला 87-88 ग्रॅम कर्बोदकं असतात आणि तंतू जवळजवळ नाहीतच. माणशी 60 ग्रॅम साबुदाण्याची खिचडी, वर दोन बटाट्याच्या फोडी, म्हणजे आपल्या पूर्ण ताटाएवढी कर्बोदकं भाजी-उसळीशिवाय पोटात जातात आणि भराभर रक्तात उतरतात. मी उपासाला राजगिऱ्याचं एक थालीपीठ, लाल भोपळ्याची किंवा काकडीची दह्यातली कोशिंबीर आणि शेंगदाण्याची आमटी देते. वरईचा भात मागतात, तोही वाटी मोजून. जो निर्जळी किंवा एकवेळचा उपास करतो आणि इन्सुलिनवर आहे, त्याला आदल्या संध्याकाळी फोन करून 'डॉक्टरांना विचारलंत का' एवढं विचारायचं. बहुतेकांनी विचारलेलं नसतं.

कुणाला डबा द्यायचा नाही हेही आधीच ठरवा, नंतर तोंड वाईट होतं. माझ्या फॉर्मवर पाच प्रश्न आहेत: कुठली औषधं, इन्सुलिन आहे का, मूत्रपिंडाचा त्रास आहे का, गरोदर आहात का, गेल्या महिन्यात साखर एकदम खाली गेली होती का. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याला आपलं डाळ-उसळींनी भरलेलं ताट उलट बाधू शकतं, कारण प्रथिनं आणि पोटॅशियम दोन्हींवर त्याला बंधन असू शकतं. गरोदर बाई आणि टाइप 1 चं मूल यांचं खाणं-डोसाचं गणित रोज बदलतं. अशांना त्यांच्या डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञाने लिहून दिलेलं ताट असेल तरच घ्या, नाहीतर नम्रपणे नाही म्हणा. आहारतज्ज्ञ अर्धवेळ का होईना पण खऱ्या शिक्षणाची ठेवा, इंडियन डायटेटिक असोसिएशनची आर.डी. परीक्षा दिलेली मिळाली तर उत्तम. सहा आठवड्यांचा कोर्स करून 'न्यूट्रिशन कोच' झालेल्याच्या हाती ही माणसं देऊ नका.

कागदपत्रांत फार वेळ घालवत नाही. एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना जागेचा असतो, तुमच्या घरच्या किचनचा नव्या पत्त्याला चालत नाही, तिथे नव्याने काढावा लागेल. जाहिरातीत मात्र जपून. 'मधुमेह मुळापासून बरा', 'गोळ्या बंद' असलं काही लिहिलं तर 1954 चा औषधे आणि जादुई उपाय कायदा आडवा येतो, त्याच्या यादीत मधुमेहाचं नाव आहे. गिऱ्हाइकाने प्रेमाने लिहिलेला 'ताईंच्या डब्याने माझी शुगर गेली' हा अभिप्रायही मी छापत नाही. माझ्या पत्रकावर एवढंच असतं: ताटात कर्बोदकं 52 ते 58 ग्रॅम, पोहोचण्याची वेळ ठरलेली.

एक अनुभव पुण्याचा आहे, नाशिकलाही येईल. पैसे देणारा आणि जेवणारा वेगळा असतो. मुलगा न्यू जर्सीत, तिथून सहा महिन्यांचे पैसे एकरकमी येतात, डबा एरंडवण्यात दोन म्हाताऱ्या माणसांकडे जातो. मुलगा खूश, मी खूश. तीन महिन्यांनी कळलं की आजोबा रोज निम्मा डबा वॉचमनला देत होते आणि स्वतः वरण-भात लावत होते. आता मुलाशी बोलणं झालं तरी मी जेवणाऱ्याशी बोलल्याशिवाय डबा सुरू करत नाही. त्यांना काय अजिबात नको, हे एकदा विचारलं तरी निम्मं काम होतं. आजोबांना दोडका नको होता, एवढंच.

तीन महिन्यांनी एचबीए1सी ची तपासणी होते, कारण तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. त्यानंतर काही जण सोडून जातात. आकडा उतरला म्हणून 'आता घरीच जमेल' म्हणत, किंवा उतरला नाही म्हणून. दोन्ही धरून चाला. उतरलेल्यांना मी भाकरीचं माप लिहून देते आणि सांगते की सुनेला एकदा पाठवा, परातीशेजारी उभं राहून दाखवेन. त्यांतले काही पुढच्या दिवाळीनंतर परत येतात, दिवाळीच्या फराळाने आकडा परत चढवलेला असतो.

आता तुमच्यासाठी. लगेच जागा भाड्याने घेऊ नका. तुमच्या साठ गिऱ्हाइकांत विचारणारे आहेतच, त्यांतले इन्सुलिनवर नसलेले बारा निवडा. याच किचनमध्ये, त्यांच्यासाठी वेगळी परात, वेगळा काटा, वेगळा पिठाचा डबा. सहा आठवडे फक्त दुपारचं जेवण द्या. आठवड्यातून दोनदा जेवणाआधीचा आणि दोन तासांनंतरचा आकडा त्यांनी पाठवायचा, तुम्ही वहीत पिठाच्या आकड्याशेजारी तो लिहायचा. पहिलं पुस्तक संपल्यावर खरी किंमत सांगा. बारातल्या आठांनी त्या किमतीला दुसरं पुस्तक घेतलं तर जागा बघायला लागा. आणि 'साधा डबा 110 ला देता, यात तर भाकरीही एकच आहे' असं म्हणत बहुतेक जण मागे फिरले, तर हे साध्या डब्याच्या जोडीनेच चालवा, वेगळं किचन अजून दोन वर्षं नको.